आजीच्या मालवणी ओव्यांचा अर्थ : ‘सडो’, ‘मूळ’, ‘सुकती’

प्रश्न : आजी आचऱ्याकडची होती. जात्यावर म्हणायची त्या दोन ओव्या वहीत लिहून ठेवल्यात, पण अर्थ लागत नाही. सड्यावर माणूस कसा दिसेल? मुळाला भाऊ आला म्हणजे कसल्या मुळाला? आणि शेवटी ‘हाड’ कुठून आलं?

पयली माजी ओवी, सड्यार कोण गो दिसता
मुळाक इलो भाव, खळ्यात येवन बसता
दुसरी माजी ओवी, सुकती लागली गो
तांब्यो हाड भावाक, तारू टेकला गो

उत्तर : तुम्हाला अडवलंय ते ओळखीच्या शब्दांनी. ‘इलो’ कळत नाही म्हणून माणूस विचारतो तरी, ‘सडा’ मात्र माहीतच आहे असं समजून पुढे जातो आणि तिथेच फसतो.

आधी प्रत्यय बघा. आपला ‘-ला’ तिकडे ‘-क’ होतो, म्हणून ‘मुळाक’, ‘भावाक’. ‘सड्यार’ म्हणजे सड्यावर. ‘इलो’ म्हणजे आला, ‘येवन’ म्हणजे येऊन. पुल्लिंगी ‘आ’चा ‘ओ’ होतो, तांब्याचा तांब्यो. जुन्या कोशात शोधाल तेव्हा हा ‘ओ’ परत ‘आ’ करून शोधा, नाहीतर शब्द नाहीच असं वाटेल.

आता सडा. अंगणात शेणपाण्याचा शिंपतात तो हा नव्हे. कोकणात सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. वर माती पातळ, झाडं थोडी, घरं सहसा खाली उतारावर नाहीतर व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठी. त्यामुळे सड्याच्या कडेला कुणी उभं राहिलं की खालून त्याची आकृती आभाळावर उमटल्यासारखी दिसते. चेहरा ओळखू येत नाही, म्हणून ओवी ‘कोण’ असं विचारते.

‘मूळ’ हे जुनं मराठी आहे, नुसतं मालवणी नव्हे. सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला धाडलेलं बोलावणं म्हणजे मूळ. न्यायला येणारा तो मुराळी. मूळ आल्याशिवाय सुनेने आपणहून निघायची रीत नव्हती, तेव्हा ‘मुळाक इलो’ एवढ्या दोन शब्दांत तिची सुटका आली. ‘भाव’ म्हणजे भाऊ. इथे मोल-भाव शोधू नका.

‘खळा’ ऐकून देशावरच्या माणसाला मळणीची जागा आठवते. तळकोकणात घरासमोरचं सारवलेलं अंगण, तुळस असते ते, म्हणजे खळा. मळणी तिथेही होते, पण शब्द अंगणाचाच झालाय. भाऊ अजून घरात शिरलेला नाही, खळ्यात टेकलाय. त्याचे पाय सड्याच्या लाल धुळीचे, म्हणून तांब्यो. ‘हाड’ म्हणजे आण. ‘पानी हाड’ हे मालवणी घरात रोज ऐकू येतं, हाडामांसाशी त्याचा काही संबंध नाही. आणि ‘गो’ ही बरोबरीच्या किंवा धाकट्या बाईला मारलेली हाक. सासूला कुणी ‘हाड गो’ म्हणणार नाही, तेव्हा हे सांगणं नणंदेला नाहीतर धाकट्या जावेला असावं.

खरी गंमत दुसऱ्या ओवीत आहे. ‘सुकती’ म्हणजे ओहोटी. ‘लागली’ म्हणजे सुरू झाली. ‘तारू’ म्हणजे गलबत, पण ओवीत कुठलीही होडी तारू होते. ‘टेकला’ म्हणजे काठाला लागलं असं तुम्ही घेतलं असेल, मीही बरीच वर्षं तसंच घेत होतो. पण सुकतीच्या शेजारी ‘टेकला’ आलं की होडीचा तळ खाडीच्या चिखलाला टेकला, असा अर्थ नीट बसतो. तारू नपुंसकलिंगी, म्हणून टेकलो नाही, टेकला.

आता वेळ मोजून बघा. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, त्यात निम्मा वेळ सुकतीचा. समजा पहाटे 6 ला सुकती लागली आणि 8 ला होडी टेकली. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली जाणार, मग चढायला लागणार, आणि होडी पुन्हा तरंगणार चार-साडेचारला. म्हणजे भाऊ आला सड्यावरून चालत, बहिणीला नेणार खाडीतून, आणि होडी आठ तास जागची हलत नाही.

यावर रडायचं की हसायचं ते ओवी सांगत नाही. मला विचाराल तर बाई खूश आहे. निघायची घाई असती तर तिने गाठोडं हाडायला सांगितलं असतं, ती सांगतेय तांब्यो. होडी अडकली म्हणून भाऊ तिच्या खळ्यात अर्धा दिवस बसणार, तिच्या हातची पेज जेवणार.

वहीत तिसरी ओवी असेल तर तीही टाका. तिच्यात ‘भरती’ किंवा ‘उधाण’ आलं, तर ‘टेकला’चा मी लावलेला अर्थ पक्का समजा.