शेरू जांभया का देतो?

"ताई, पाहुणे वाकून लाड करायला लागले की आमचा कुत्रा शेरू जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो. आई म्हणते झोप आली असेल. पण परवा काकांवर एकदम गुरगुरला. तो रागीट होतोय का?"

प्रतापनगरच्या या कुटुंबाकडून मी मोबाइलवरचा व्हिडिओ मागवला आणि सावकाश चालवून पाहिला. दारातून आलेले काका सरळ शेरूवर वाकले आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात नेला. शेरूने आधी मान वळवली. मग जीभ झटकन नाकापर्यंत जाऊन आली, पाठोपाठ लांब जांभई. काका थांबले नाहीत. शेरूचे कान मागे गेले, डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसू लागला, अंग ताठ झालं आणि मगच तो गुरगुरला. हे सगळं काही सेकंदांत घडलं, म्हणून घरच्यांना ते 'एकदम' वाटलं.

अनोळखी माणूस समोरून येऊन वर वाकतो तेव्हा कुत्र्याला निसटायला जागा उरत नाही. तेव्हा तो भांडण टाळायला बघतो. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी अशा खुणांना शांत करणारे संकेत म्हटलं. समोरच्याने मागे सरावं, एवढंच शेरू मागत होता.

जांभई झोपेची की ताणाची, हे प्रसंगावरून कळतं. दुपारी उठून आळस देताना आलेली जांभई वेगळी. खाणं समोर नसताना, हात जवळ येताच ओठ चाटणं वेगळं. नागपूरच्या उन्हात कुत्रा धापा टाकतो, जीभही बाहेर असते. त्यामुळे एकाच खुणेवर मी कधीच निष्कर्ष काढत नाही. हात मागे घेतल्यावर खुणा थांबतात का, ते बघते.

गुरगुरल्याबद्दल शेरूला रागावू नका, हे मी बजावून सांगितलं. ओरडा खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग तो न सांगता चावतो, आणि तेव्हा कोणाच्याच हाती काही उरत नाही.

पुढच्या वेळी काका खुर्चीत तिरपे बसले. नजर भिडवली नाही, हातही पुढे केला नाही. शेरू स्वतःहून आला, हुंगून गेला, परत आला. तेव्हा त्यांनी छातीवर तीन सेकंद खाजवून हात काढला. शेरू जवळ सरकला तर पुन्हा खाजवायचं, मान वळवली तर सोडून द्यायचं. 'काका, जरा थांबा' हे म्हणायचं काम घरच्यांचं. आईंना ते सुरुवातीला फार अवघड गेलं, कारण पाहुण्यांना अडवणं त्यांना जमत नव्हतं.

ओळखीच्या माणसाचा हातही कुत्रा अचानक टाळू लागला, तर आधी पशुवैद्याकडून कान आणि दात तपासून घ्या. दुखत असेल तर कितीही सराव उपयोगी पडत नाही. तोवर घरी गर्दी असेल तेव्हा शेरूला आतल्या खोलीत ठेवा. चुकून कोणाला दात लागलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.