२७ टक्क्यांतली खरी नक्कल किती?

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांवर मराठीतून पीएच.डी. करतोय. एका प्रकरणाचा सिमिलॅरिटी रिपोर्ट २७ टक्के आला. अवतरणं, संदर्भसूची वगळून पुन्हा काढला तर ती लबाडी होते का?

उत्तर:

सेटिंग बदलून काढलेला रिपोर्ट लबाडी नाही. फाईलमधून संदर्भसूची कापून उरलेलं चढवणं मात्र लबाडी, कारण तपासणाऱ्याला आपण काय काढलं ते दिसत नाही. सेटिंगने वगळलेला मजकूर फाईलमध्ये तसाच असतो आणि कुणीही ती चाळणी काढून पुन्हा बघू शकतो.

प्रबंधाचा किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो, ते सॉफ्टवेअरने तपासून सांगणारे हे रिपोर्ट मी बेळगावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढून देतो. तुमच्यासारखंच एक प्रकरण निपाणीच्या एका मुलीचं आलं होतं, योगायोगाने २७ टक्क्यांचंच. ते उलगडून सांगतो, म्हणजे तुमचा रिपोर्ट तुम्हालाच वाचता येईल.

प्रकरण ८,००० शब्दांचं होतं आणि त्यातले २,१६० शब्द कुठे ना कुठे जुळले होते. सॉफ्टवेअर एवढाच भागाकार करतं. हे शब्द का जुळले, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी रंगवलेले तुकडे एकेक करून मोजले. संदर्भसूचीतले ७२० निघाले, म्हणजे ९ टक्के. लेखकाचं आडनाव, ग्रंथाचं नाव, प्रकाशन, गाव, साल हे कुणीही लिहिलं तरी तसंच लिहिणार. सीमाभागातल्या शिक्षणावर लिहिणारे सगळे त्याच पंधरा-वीस ग्रंथांकडे जातात, आणि त्यांचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. रिपोर्टमध्ये उजवीकडे एकेक टक्क्याचे किंवा त्याहून कमीचे ढीगभर स्रोत दिसतात आणि त्यांचा रंग शेवटच्या पानांवरच साचलेला असतो.

अवतरणांत ६४० शब्द गेले होते, ८ टक्के. त्यात महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालातले उतारे होते आणि संविधानाचा अनुच्छेद ३५०-क होता. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकता यावं, याबद्दलचा हा अनुच्छेद. १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने तो आला. तुमच्या विषयात तो टाळताच येणार नाही.

इथे त्या मुलीने घाबरून काय केलं ते ऐका. टक्का उतरावा म्हणून तिने अनुच्छेद ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहिला: राज्याने मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरवल्याच पाहिजेत. मूळ इंग्रजीत शब्द आहे ‘एंडेव्हर’. राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने पुरेशा सोयी देण्याचा *प्रयत्न* करायचा आहे. ‘प्रयत्न करावा’ आणि ‘पुरवल्याच पाहिजेत’ यांत केवढा फरक आहे, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिचा पुढचा सगळा युक्तिवाद त्या बदललेल्या क्रियापदावर उभा राहिला होता. मार्गदर्शकांनी पकडलं म्हणून बरं झालं. कायद्याचा किंवा अहवालाचा नेमका शब्द हाच जिथे पुरावा असतो, तिथे तो बदलणं ही चूक आहे. तिथे अवतरणच द्यायचं, स्रोत लिहायचा आणि मोजणीतून वगळायचं.

यूजीसीचे नक्कल रोखण्याबद्दलचे २०१८चे विनियमही हेच म्हणतात. स्रोत सांगून, लागेल तिथे परवानगी घेऊन दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, सर्वसाधारण संज्ञा, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं तपासणीतून वगळायची आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत गेलं की ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त प्रबंध द्यावा लागतो. हे टक्के वगळल्यानंतरचे आहेत. वगळणं म्हणजे कुणी मेहेरबानी करतंय असं नाही.

ठरीव वाक्यांचे ३२० शब्द होते, ४ टक्के. ‘प्रस्तुत संशोधनासाठी सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे’, ‘संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत’ ही आपल्याकडची छापील वळणं. यांत कुणाची कल्पना चोरीला जात नाही. विनियमांत सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसामान्य किंवा योगायोगाची जुळणी सोडून द्यायला जागा आहे आणि सॉफ्टवेअरमध्येही किती शब्दांखालच्या जुळण्या सोडायच्या ते ठरवता येतं. पण ही चाळणी मला सगळ्यांत धोक्याची वाटते. कुणी पान उचललं आणि दर दहावा शब्द बदलला, तर सलग जुळणी नऊच शब्दांची राहते. मग चौदाची चाळणी लावली की अख्खं पान निसटू शकतं. म्हणून मी ती आधी बंद ठेवून बघतो. एकाच स्रोताचे बारीक तुकडे एकाच परिच्छेदात ओळीने दिसले, तर ते ठरीव वाक्य नव्हे. आणि निष्कर्षाच्या प्रकरणात तर या सवलतीवर विसंबूच नका. सारांश, गृहीतकृत्य, निरीक्षणं, निष्कर्ष यांत साम्य नको, असं विनियम स्पष्ट म्हणतात.

आता मराठीची अडचण. आपण छापताना एकेरी अवतरणचिन्ह वापरतो, पण सॉफ्टवेअर बहुधा दुहेरी चिन्हातलंच अवतरण धरतं. संदर्भसूची ते शीर्षकावरून ओळखतं आणि ‘संदर्भसूची’ हा शब्द त्याला कळेलच असं नाही. वगळण्याचं बटण दाबल्यावर शेवटच्या पानांचा रंग गेला का ते डोळ्यांनी बघा. गेला नसेल तर मराठी शीर्षकाखाली वेगळ्या ओळीवर नुसतं `References` लिहून बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाईप केलं असेल तर रिपोर्टला काही अर्थच नाही. सॉफ्टवेअरला देवनागरी दिसत नाही, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. असा दोन टक्क्यांचा रिपोर्ट घेऊन खूश झालेले लोक मी पाहिलेत.

त्या मुलीचं सगळं वजा जाता ४८० शब्द उरले. सूची आणि अवतरणं वगळली की भाजकही लहान होतो हे धरायला हवं. सूची ९०० शब्दांची होती आणि अवतरणं ६४०ची, म्हणून ४८० भागिले ६,४६०, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास. ती उठून निघाली, “झालं की ओ सर, दहाच्या आत आलं.” मी म्हटलं, बस जरा. त्या ४८०मधले २१० शब्द सलग होते आणि एकाच प्रबंधातले होते. खानापुरातल्या शाळांची पटसंख्या का घसरली, याची दुसऱ्या कुणीतरी लावलेली कारणमीमांसा. अवतरणचिन्ह नव्हतं, नावही नव्हतं. नोट्स काढताना उतरवून घेतलेलं, पुढे आपलंच वाटायला लागलेलं.

“मग अवतरणात टाकू? वगळलं जाईल की,” ती म्हणाली. टाकता आलं असतं आणि आकडा आणखी उतरलाही असता. पण प्रकरणाचा मुद्दाच ती कारणमीमांसा होती. तीच दुसऱ्याच्या तोंडून वदवली तर तिचं स्वतःचं म्हणणं काय उरलं? तिने त्या संशोधकाचं नाव घेऊन दोन ओळींत त्याचं मत दिलं आणि पुढे स्वतः फिरून जमवलेली पटसंख्या मांडली. ती दोन गावांत त्या मताच्या उलट निघाली होती.

तुम्ही दोन्ही रिपोर्ट काढा, काहीच न वगळलेला आणि वगळलेला. दोन्ही मार्गदर्शकांपुढे ठेवा आणि दुसऱ्यावर कुठली सेटिंग लावली ते लिहा. त्याआधी उरलेल्या तुकड्यांतला सगळ्यांत लांब सलग तुकडा किती शब्दांचा आहे, ते मोजून बघा.