मोठ्या रजेनंतरचा पहिला मेल

“अपघातानंतर साडेचार महिन्यांनी कामावर रुजू होतोय. मांडीत रॉड आहे, चालता येतं, पण पहिल्यासारखं नाही. माझं काम माझ्या ज्युनिअरने सांभाळलं. सगळ्यांना एक मेल टाकावा म्हणतोय, पण लिहायला बसलं की माफीच लिहिली जाते. मर्यादा सांगितल्या तर लोक म्हणतील, आल्या आल्या सवलती मागायला लागला. नाही सांगितल्या तर झेपायचं नाही. काय लिहू?”

हे गृहस्थ कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पीपीसीला, म्हणजे उत्पादनाच्या नियोजनाला आहेत. ग्राहकाचं महिन्याचं शेड्यूल आलं की कोणतं कास्टिंग कधी ओतायचं आणि कधी गाडीत चढवायचं, हे ठरवायचं काम. जानेवारीच्या मध्यात सांगली-मिरज रस्त्यावर दुचाकीचा अपघात झाला आणि मार्चअखेरची सगळी धावपळ त्यांच्यामागे ज्युनिअरने निभावली. त्याचं ओझं त्यांच्या मनावर फार होतं. भेटायला आले तेव्हा मेलचा मसुदा मोबाइलवर लिहूनच आणला होता.

मसुद्याची सुरुवात अपघाताच्या हकिकतीने होती. पुढे तीनदा माफी आणि शेवटी, ‘आता पूर्वीसारखाच कधीही फोन करा.’ मी त्यांना या शेवटच्या ओळीवर थांबवलं. पूर्वी म्हणजे रात्री किती वाजेपर्यंत फोन यायचे? साडेअकरा, बारा. आणि आता? फिजिओथेरपिस्टने नऊला झोपायला सांगितलंय. म्हणजे जे पाळता येणार नाही, तेच अपराधीपणाच्या भरात लिहून दिलं जात होतं. अशी कबुली दुसऱ्याच आठवड्यात मोडते, आणि मग लोक आजारपण विसरतात, मोडलेला शब्द लक्षात ठेवतात. माफीचंही तसंच. ती वाचून समोरच्याला ‘असू दे हो’ एवढंच म्हणता येतं. उद्या शेड्यूल कोणाला विचारायचं, हे त्याला कळत नाही.

मेल लिहिण्याआधी दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली फिटनेस सर्टिफिकेटची. ‘कामावर जाण्यास योग्य’ एवढंच लिहून आणायचा त्यांचा विचार होता. मी म्हटलं, डॉक्टरांकडून मर्यादा आणि तारीख दोन्ही लिहून घ्या. त्याप्रमाणे मिळालं: अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग उभं राहू नये, जिने शक्यतो टाळावेत, नाइट शिफ्ट नको, १२ जुलैपर्यंत. तारीख असली की ती सवलत राहत नाही, उपचाराचा भाग होते. हा कागद घेऊन त्यांनी रुजू होण्याआधीच साहेबांशी बोलून घेतलं. साहेबांना जे मान्य नाही, ते टीमला कळवण्यात अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट ज्युनिअरची. त्याच्याशी आधी समोरासमोर बसून बोलायचं, मेलमधून त्याला पहिल्यांदा काही कळता कामा नये. साडेचार महिने ज्याने ग्राहकांचे फोन घेतले, निर्णय घेतले, त्याच्या हातातून एका सकाळी सगळं काढून घेतलं तर तो दुखावतो. आणि काहीच ठरवलं नाही तर मोल्डिंगवाल्यांना दोघांकडून दोन वेगळ्या सूचना जातात. हे दुसरं जास्त घडतं. चहाच्या वेळी दोघं बसले तेव्हा ज्युनिअरनेच सांगितलं, “दादा, पुण्याचे दोन कस्टमर माझ्याकडेच राहू द्या, त्यांची आता मला सवय झालीय.” यांना ते थोडं लागलं. पण तेच योग्य होतं, आणि साहेबांनीही होकार दिला.

पहिल्या दिवशीच मेल टाकायचा नाही, हेही ठरवलं. आधी दोन-तीन दिवस परिस्थिती समजून घ्यायची. इनबॉक्समध्ये साचलेले मेल जुन्याकडून वाचायला घेतले तर आठवडा जातो आणि त्यातले बहुतेक विषय संपलेले असतात. म्हणून ते सगळे एका फोल्डरमध्ये टाकले आणि प्रत्येक विषयातला शेवटचा मेल तेवढा वाचला. मग ज्युनिअर, क्वालिटी आणि डिस्पॅच अशा तिघांपाशी थोडा थोडा वेळ बसून तेच तीन प्रश्न विचारले: मी नसताना कोणते निर्णय बदलले, माझ्यासाठी काय अडून राहिलंय, आणि मी सध्या कशात हात घालू नये? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी पडतं.

मर्यादांच्या बाबतीत आणखी एक भेद करावा लागला. उभं राहण्याची मर्यादा तात्पुरती होती. रात्रीचे फोन मात्र त्यांना कायमचेच बंद करायचे होते. ती सवय अपघाताच्या आधीपासून त्यांना खात होती. हे दोन्ही एकाच वाक्यात घातलं की पाय बरा झाल्यावर लोक फोनही सुरू करतात, आणि ते चुकीचं वागतात असंही म्हणता येत नाही. कायमचा बदल आजारपणाच्या आडून मागू नये. त्याला स्वतंत्र जागा द्यावी आणि सोबत पर्यायही द्यावा.

त्यांच्या ऑफिसात मेल इंग्रजीत जातात. गुरुवारी गेलेल्या मेलचा मजकूर मराठीत असा:

‘नमस्कार. सोमवारी, २ जूनला मी रुजू झालो. माझ्या रजेत, मार्चअखेरच्या गर्दीतही, तुम्ही सगळ्यांनी काम सांभाळलंत. मनापासून आभार.

तीन दिवसांत मला समजलेली स्थिती अशी: जूनचं शेड्यूल पक्कं आहे, एका पॅटर्नची दुरुस्ती बाकी आहे, आणि पुण्याच्या दोन्ही ग्राहकांना माल पंधरवड्याने जातो. यात काही चुकत असेल तर कृपया शनिवारपर्यंत कळवा.

१६ जूनपर्यंत सर्व शेड्यूल ज्युनिअरच पाहतील. त्यानंतर पुण्याचे दोन ग्राहक त्यांच्याकडे राहतील, बाकीचे माझ्याकडे येतील.

१२ जुलैपर्यंत मी शॉप फ्लोअरवर सकाळी एकच फेरी मारेन आणि मंगळवारी व शुक्रवारी पाचला निघेन.

रात्री आठनंतर तातडीचं काही असेल तर यापुढे शिफ्ट इन्चार्जना फोन करावा. बाकी निरोप मेसेजवर ठेवा, सकाळी साडेआठपर्यंत उत्तर देईन.’

(‘ज्युनिअर’च्या जागी अर्थातच त्याचं नाव होतं. आणि शिफ्ट इन्चार्जना आधी विचारून घेतलं होतं.)

अपघाताबद्दल एक ओळही नाही, हे त्यांना खटकत होतं. ज्यांना चौकशी करायची होती त्यांनी भेटून केलीच. औषधपाण्याचा तपशील मेलवर फिरला की कुठवर जातो, ते आपल्या हातात राहत नाही.

त्याच दुपारी क्वालिटीकडून उत्तर आलं: पुण्याच्या एका ग्राहकाने मे महिन्यापासून माल दर आठवड्याला मागितलाय. ज्युनिअरच्या बोलण्यात हे राहून गेलं होतं. ‘मला समजलेली स्थिती अशी’ हा परिच्छेद त्यासाठीच घालायचा. ‘काय चाललंय ते सांगा’ असं विचारलं तर कोणी लिहीत नाही, पण चुकीचं लिहिलेलं दिसलं की दुरुस्त करायला माणूस लगेच पुढे येतो.

डिस्पॅचचे एक जुने सहकारी मात्र रात्री दहाला फोन करत राहिले. यांनी उचलला नाही, वादही घातला नाही. रोज सकाळी साडेआठच्या आत स्वतःहून उत्तर दिलं. पहिले काही दिवस जड गेले. पुढे फोन इन्चार्जकडे जायला लागले.

जिथे रजेच्या काळात पदच काढून घेतलंय किंवा पगार कमी केलाय, तिथे हा मेल पुरणार नाही. तो विषय टीमसमोर आणूच नये. एचआरला वेगळं लेखी पत्र द्यावं आणि त्याची पोच घ्यावी.

जुलैत डॉक्टरांनी मुदत दोन आठवड्यांनी वाढवली. ११ जुलैला, म्हणजे जुनी तारीख उलटण्याआधी, त्यांनी त्याच मेलवर दोन ओळी लिहिल्या: सकाळची एक फेरी आणि मंगळवार-शुक्रवारची वेळ आता २६ जुलैपर्यंत, बाकी सगळं ठरल्याप्रमाणे.