संकष्टीचा उपास सोडताना पहिली वाटी पेजेची

प्रश्न: संकष्टीला दिवसभर कडक उपास असतो. रात्री चंद्रोदयानंतर पोटभर जेवले की पोट फुगतं, मळमळतं, झोप लागत नाही. उपास सोडताना आधी काय खावं? आणि असं का होतं?

आधी पेज. कोमट, पातळ, मीठ घातलेली, एक वाटी, घोट घोट. मग अर्धा तास थांबायचं आणि त्यानंतर पान घ्यायचं. हे मी पंचवीस वर्षं सांगते आहे आणि आमच्या घरात पंचवीस वर्षं यावरून वाद आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं माहेर कुडाळकडचं. आमच्याकडे आजी कुठलाही उपास पेजेवर सोडायची. उकड्या तांदळाची पेज, वर मिठाचा खडा, बाजूला लोणच्याची फोड. लग्न होऊन लालबागला चाळीत आले. पहिल्याच संकष्टीला मी पेजेचं पातेलं चढवलं तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "घरात कोणी आजारी आहे का गं? दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला पेज वाढतात का? देवाच्या दिवशी पान भरलेलं हवं." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पातेलं उतरलं.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात अंगारकी आली. आमचे हे पहाटे लालबागहून अनवाणी प्रभादेवीला चालत गेले, रांगेत चार तास उभे राहिले आणि तिथून थेट कामावर गेले. दिवसभरात चार कप चहा आणि जेमतेम एक बाटली पाणी, बाकी काही नाही. घरी पोचेपर्यंत साडेआठ झाले. आभाळ भरलेलं, चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता, म्हणून कॅलेंडरात छापलेली वेळ धरून अर्घ्य दिलं. दहाला पान वाढलं. मोदक, त्यावर तुपाची धार, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. जाऊबाई आग्रह करकरून वाढत होत्या आणि हे भुकेपोटी खात होते. सहा मोदक गेले. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत पंधरा मिनिटं झाली नसतील, आणि वरून तांब्याभर गार पाणी. दहा बाय बाराची खोली, जेवण आवरलं की अंथरुणं पडायची, त्यामुळे अकराला आडवे.

एक वाजता उठून बसले. छातीच्या खाली आग, पोट ढोलासारखं ताणलेलं, अंगाला घाम. मग उलटी झाली आणि त्यात भाताची शितं जशीच्या तशी होती. मी घाबरले ती घामामुळे. टॅक्सी करून जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी ईसीजी काढला, तो नीट आला. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या: काय खाल्लं आणि किती वेळात खाल्लं. मी सांगितलं. ते म्हणाले, "उपासाने काही झालेलं नाही. उपास ज्या पद्धतीने सोडला त्याने झालंय."

ते वाक्य मी घरी येऊन जाऊबाईंना शब्दशः सांगितलं. त्यांनी तुपाला दोष दिला, मग नजरेला. पण डॉक्टरांनी त्या रात्री जे समजावलं आणि नंतर मी वाचून जे पक्कं केलं, ते असं आहे.

एका दिवसाच्या उपासाने पोट आकसत नाही आणि पचनशक्तीही मरत नाही. रोज रात्री जेवल्यापासून सकाळच्या नाश्त्यापर्यंत आपण दहा-बारा तास उपाशीच असतो. तेव्हा दोष रिकाम्या पोटाचा नाही. रिकाम्या पोटावर आपण एकाच वेळी काय काय लादतो, त्याचा आहे.

जठर पिशवीसारखं फुगतं, लिटर-दीड लिटर सहज मावतं. पण त्याचं खालचं तोंड अगदी चोखंदळ असतं. अन्न घुसळून दोनेक मिलिमीटरपेक्षा बारीक झाल्याशिवाय ते सहसा पुढे जात नाही, आणि जातं तेही थोडं थोडं. भुकेल्या माणसाने नीट न चावता गिळलेली पुरी, बटाट्याच्या फोडी, भाताचे गोळे हे सगळं आत दळावं लागतं. त्यात तूप-तेल लहान आतड्यात उतरलं की तिथून एक संप्रेरक सुटतं आणि ते जठराला सांगतं, सावकाश, अजून सोडू नकोस. वरणभातासारखं साधं जेवण तीन-चार तासांत बरंचसं पुढे सरकतं, तळलेलं आणि तुपातलं त्याहून जास्त वेळ तिथेच बसून राहतं. यांना तीन तासांनी अख्खी शितं का पडली, याचं उत्तर हेच.

दुसरं म्हणजे वेग. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दिवसभर उपाशी माणूस तेवढ्या वेळात दुप्पट जेवून मोकळा होतो आणि मग अचानक त्याला जड वाटायला लागतं. त्यावर आडवं झालं की ताणलेल्या जठरातलं आंबट पाणी अन्ननलिकेत वर येतं, छातीतली आग ती. उपाशीपोटी दिवसभर चहा झालेला असेल तर आम्लाचा त्रास आणखी वाढतो. आणि मोदक, श्रीखंड असं भरपूर गोड एकदम आतड्यात उतरलं की ते शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं, त्याने पोट गुडगुडतं, मुरडा येतो. मोठ्या जेवणानंतर रक्तपुरवठा पोटाकडे वळतो, म्हणून आधीच पाणी कमी पडलेल्या माणसाला उठताना गरगरतं.

आता पेज काय करते ते बघा. तिच्यात दळायला काही उरलेलं नसतं, म्हणून ती लवकर खाली उतरते. पाणी आणि मीठ भरून निघतं. शिजलेल्या तांदळाचं पिठूळ पचून त्याची साखर होते आणि ती साखर मिठाला, मीठ पाण्याला सोबत घेऊन आतड्यातून रक्तात जातं. जुलाबात देतात त्या मीठ-साखरेच्या पाण्याचं तत्त्वही हेच. शिवाय वीस-तीस मिनिटांत भुकेची धार जाते आणि माणूस पानावर तुटून पडत नाही. माझ्या मते खरा फायदा हा शेवटचा.

करायची अशी: अर्धी वाटी तांदळाच्या कण्या धुवायच्या आणि पाच-सहा वाट्या पाण्यात उघड्या पातेल्यात मऊ शिजवायच्या. वीसेक मिनिटं लागतात. उकडा तांदूळ असेल तर दुप्पट वेळ धरा. पळीने थोडं घोटायचं, चवीला मीठ, हवं तर किसलेलं आलं. तिघांना पुरते. चमच्यावरून सहज ओघळली पाहिजे. घट्ट झाली की तो मऊ भात झाला. पहिल्या वाटीत तूप नको. कण्या नसतील तर मुगाच्या डाळीचं मीठ घातलेलं पातळ पाणी चालेल. आमच्या चाळीतलं जैन कुटुंब पर्युषणातल्या मोठ्या उपासाचं पारणं मुगाच्या पाण्यानेच करायचं, तेही चमच्याने. खजूर आणि पाण्याने रोजा सोडून, नमाज पढून मग जेवायला बसणाऱ्यांकडेही मधे ती उसंत आपोआप मिळते. आपल्याकडे मात्र चंद्र दिसला की थेट पुरी.

आमच्या घरी आता क्रम असा. अर्घ्य, आरती, मग प्रसादाचा मोदकाचा एक घास, कारण उपास प्रसादानेच सुटायला हवा हे मलाही मान्य आहे. त्यावर अर्धा पेला साधं पाणी, माठातलं, फ्रिजमधलं नाही. मग पेज. मग अर्धा तास भांडी, फोन, गप्पा, काहीही. नंतर पान: एक वाटी भात, वरण, त्यावर अर्धा चमचा तूप, दुधीची किंवा लाल भोपळ्याची भाजी आणि दोन मोदक. पुऱ्या आणि बटाटा नैवेद्यापुरता. उरलेले मोदक फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवायचे, मऊ लागतात. जेवल्यावर निदान दोन तास आडवं व्हायचं नाही. चंद्रोदय दहाला आणि पहाटेची लोकल असेल तर ते जमत नाही, तेव्हा जेवणच निम्म्यावर आणा आणि डोक्याखाली दोन उशा घेऊन डाव्या कुशीवर झोपा.

तुमचं पोट फुगतं ते नक्की कशाने, हे तुम्ही काय जेवता ते लिहिलं नसल्यामुळे मला सांगता येणार नाही. दोन संकष्ट्या असं करून बघा. फरक पडला तर कारण पानातच होतं.

तरीही त्रास राहिला, आणि विशेषतः तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत किंवा उजव्या खांद्यात जात असेल, तर पेजेवर थांबू नका, सोनोग्राफी करा. उपासात पित्ताशय भरलेलं राहतं आणि तुपाचं जेवण पडलं की ते जोरात आकुंचन पावतं. आत खडे असतील तर कळ तेव्हाच उठते. छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात दुखणं असेल तर गॅस म्हणून सोडा घेत बसू नका, आम्ही गेलो तसं त्याच रात्री जा. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. असा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. हात थरथरले, घाम फुटला किंवा साखर 70 च्या खाली आली, तर चंद्राची वाट न बघता तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तिथे पेज उपयोगाची नाही, ती हळू पडते.

जाऊबाई आता सत्तरीच्या आहेत. मागच्या संकष्टीला त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "माझ्या पानात पुरी वाढू नकोस, रात्रभर जळजळतं." मी पेजेची वाटी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि वरणाचं नुसतं पाणी मागून घेतलं.