भाडे ३६ महिन्यांचे, घर ५२ महिन्यांनी

प्रश्न: मी ६२ वर्षांचा निवृत्त कर्मचारी, पत्नीसह मुलुंड पूर्वेला राहतो. आमची २४ सभासदांची सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे. माझे घर ५२० चौ. फूट कार्पेट आहे. ३५ टक्के वाढीव, म्हणजे ७०२ चौ. फूट ‘बाल्कनीसह रेरा कार्पेट’ मिळेल. विकासक कॉर्पस म्हणून ७ लाख ८० हजार रुपये देईल. भाडे चौ. फुटाला ७० रुपये, दरवर्षी ५ टक्के वाढ, घर रिकामे केल्यापासून ३६ महिने. बांधकामाची मुदत पूर्ण सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा महापालिकेचा दाखला, मिळाल्यापासून ३६ महिने अधिक ६ महिने सवलत, त्यानंतर चौ. फुटाला दरमहा ५ रुपये दंड. बँक गॅरंटीऐवजी विकासक चौदाव्या मजल्यावरचे दोन फ्लॅट लियन म्हणून देतो आहे. आम्ही मुलाकडे राहणार असल्याने भाडे वाचेल. त्या भरवशावर, बँकेतल्या मॅनेजरच्या सांगण्यावरून, वर्षाला साडेतीन लाखांची, १० वर्षे हप्त्याची हमी परताव्याची पॉलिसी घेतली. ती पंधरा दिवसांपूर्वी हातात आली. कॉर्पसही अशाच योजनेत टाकावा की एफडी करावी? रविवारी सर्वसाधारण सभेत ड्राफ्ट मंजूर व्हायचा आहे.

उत्तर: कॉर्पसचे शेवटी सांगतो, ते दोन ओळींचे काम आहे. तुमच्या पत्रात त्याहून कितीतरी मोठी रक्कम गळते आहे आणि ती थांबवायला तुमच्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे.

भाड्याचे ३६ महिने आणि बांधकामाचे ३६ महिने एकाच दिवशी सुरू होत नाहीत. भाड्याचे घड्याळ तुम्ही किल्ली दिली त्या दिवशी चालू होते आणि बांधकामाचे पूर्ण सीसी मिळाल्यावर. मुंबईत आधी आयओडी, म्हणजे आराखड्याची सशर्त मंजुरी, येते, मग जोत्यापर्यंतची सीसी. जोते तपासले गेले की त्यापुढची सीसी, आणि तीही अनेकदा टप्प्याटप्प्याने, कारण महापालिकेचे प्रीमियम विकासक हप्त्याहप्त्याने भरतो. पूर्ण सीसी त्याने कधी घ्यायची हे बऱ्याच अंशी त्याच्या खिशावर ठरते. म्हणजे मुदतीचे घड्याळ कधी चालू करायचे हे विकासकाच्याच हातात दिले आहे.

समजा घर रिकामे केल्यावर दहा महिन्यांनी पूर्ण सीसी आली. हा काही फार वाईट अंदाज नाही. तिथून ३६ महिने म्हणजे ४६, अधिक सवलतीचे ६ म्हणजे ५२. दंड सुरू होणार ५२व्या महिन्यानंतर, आणि भाडे संपले ३६व्या महिन्याला. मधले १६ महिने ना भाडे, ना दंड. करारानुसार त्या काळात विकासकाला उशीर झालेलाच नसेल, त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही. तुमचे भाडे पहिल्या वर्षी ३६,४०० आहे. चौथ्या वर्षी ते ४२ हजारांच्या घरात गेले असते. १६ महिन्यांचे झाले पावणेसात लाख. ज्या कॉर्पसबद्दल तुम्ही विचारता आहात, तो जवळजवळ सगळा इथेच जातो.

५२ महिने उलटल्यावरही काय मिळणार? ५ रुपयांच्या दराने तुम्हाला महिन्याला २,६०० रुपये. ‘भाड्याव्यतिरिक्त’ हा शब्द कलमात नाही, म्हणून दंड मिळू लागला तरी भाडे पुन्हा सुरू होत नाही. सगळ्यांची घरे साधारण तुमच्याएवढी धरली तर २४ सभासदांना मिळून विकासकाचा दंड महिन्याला ६२ हजार होतो. आज तो भाड्यापोटी महिन्याला पावणेनऊ लाख देणार आहे. म्हणजे वेळेत काम करताना महिन्याचे पावणेनऊ लाख आणि उशीर केला की ६२ हजार. विक्रीचे फ्लॅट वर्षभर थांबून थोड्या चढ्या भावाने विकायचे त्याच्या मनात आले, तर त्याला थांबवणारे या करारात काहीच नाही.

‘आमचा बिल्डर तसा नाही’ हे मी प्रत्येक सोसायटीत ऐकतो. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांशी २००८मध्ये करार झाला होता. ती म्हाडाची वसाहत होती, तिचे नियम तुमच्याहून वेगळे. पण तिथेही घरे पाडून झाली, पुढे भाडे बंद झाले आणि लोक वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशातून दुसरीकडे राहिले. माझ्याकडे येणाऱ्या पार्ल्याच्या एका बाईंचे भाडे अडतिसाव्या महिन्यात थांबले. त्यांना त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागली आणि करारात बोट ठेवायला कलमच नव्हते.

रेरा आपल्याला वाचवेल अशीही अनेकांची समजूत असते. महारेराचे संरक्षण मुख्यतः नवीन फ्लॅट विकत घेणाऱ्याला आहे, जुन्या सभासदाला तिथे सहसा तसे उभे राहता येत नाही. तुमचे संरक्षण म्हणजे तुमचा करार. म्हणून ड्राफ्टमध्ये हे बदल मागा. भाडे ‘३६ महिने’ नव्हे, तर ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रासह नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत, वार्षिक वाढीसकट. बांधकामाची मुदत पूर्ण सीसीपासून नव्हे, शेवटच्या सभासदाने घर रिकामे केल्यापासून. घरे रिकामी करायची तीही सर्व आवश्यक मंजुऱ्या आल्यावरच. दंड भाड्याच्या वर, वेगळा, आणि उशीर वाढेल तसा वाढणारा: पहिले सहा महिने चौ. फुटाला २५ रुपये, पुढे ५०. वर्षभराहून जास्त उशीर झाला तर करार रद्द करून दुसरा विकासक आणण्याचा सोसायटीचा हक्क. विकासक घासाघीस करेलच. दंडाच्या आकड्यात थोडे मागे या, पण भाडे ताब्यापर्यंत आणि मुदतीची सुरुवात या दोन गोष्टींवर एक पाऊलही मागे येऊ नका.

आता लियन. चौदावा मजला आज अस्तित्वात नाही. काम सहाव्या मजल्यावर अडकले तर तुमचे तारण हवेतच राहील, आणि नेमके तेव्हाच तुम्हाला ते लागणार आहे. काम सुरळीत पूर्ण झाले तर फ्लॅट उभे असतील, पण मग तारणाची गरजच उरणार नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली सरकारने ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या सूचनांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे. या सूचना प्रत्येक बाबतीत सक्तीच्या आहेत असे न्यायालयांनी मानलेले नाही, म्हणून गॅरंटी करारातच लिहून घ्यावी लागते. ती विनाअट असावी, सोसायटीने मागताच बँकेने पैसे द्यावेत अशी. तिची तारीखही बघा. तीन वर्षांची गॅरंटी उशीर सुरू व्हायच्या आधीच संपते. ओसी मिळेपर्यंत नूतनीकरण, आणि नूतनीकरण झाले नाही तर मुदत संपण्यापूर्वी ती वटवण्याचा हक्क, हे दोन्ही हवे.

क्षेत्रफळाकडे येतो, कारण तुमचे सर्वांत मोठे नुकसान तिथे असू शकते. ‘बाल्कनीसह रेरा कार्पेट’ असे काही नसते. रेराच्या व्याख्येत बाल्कनी धरत नाहीत, मात्र घरातल्या आतल्या भिंती धरतात. तुमचे जुने ५२० बहुधा भिंतीपासून भिंतीपर्यंत टेपने मोजलेले आहे, त्यात आतल्या भिंती नाहीत. ७०२ मधून बाल्कनीचे समजा ४५ काढा, आतल्या भिंतींचे २५ ते ३० काढा. जुन्या मापाने उरतात ६३०. वाढ झाली ११० फूट, म्हणजे २१ टक्के. सांगितलेल्या १८२ फुटांपैकी ७२ फूट कागदावरच राहिले. चौ. फुटाला २५ हजार भाव धरला तरी १८ लाख, कॉर्पसच्या दुपटीहून जास्त. तुमच्या ५२० मध्ये जुनी बाल्कनी आत घेतलेली असेल तर फरक कमी होईल. म्हणून सोसायटीने स्वतःच्या आर्किटेक्टकडून प्रत्येक घर मोजून घ्यावे, आणि करारात टक्केवारीऐवजी प्रत्येक खोलीची आतली मापे असलेला सही केलेला नकाशा जोडावा. बाल्कनीचे माप वेगळ्या ओळीत.

पॉलिसीबद्दल मला मनापासून राग येतो, तुमच्यावर नव्हे, ती गळ्यात मारणाऱ्यावर. १० वर्षांचे ३५ लाख भरायचे आहेत. भाड्याचे तीन वर्षांत सुमारे १३ लाख ७५ हजार येतील, तेही भाडे अखंड आले तर. त्यात जेमतेम चार हप्ते बसतात. उरलेले सहा वयाच्या ६६व्या वर्षापासून पेन्शनमधून भरणार? मधेच सोडली तर भरलेल्यातले बरेच जाईल. आणि एवढे सोसून अशा पॉलिसीचा परतावा बहुतेक वेळा ५-६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तुमचे १५ गेले आहेत. विमा कंपनीला या आठवड्यातच लेखी कळवा, पोच घ्या. थोडी वजावट होऊन पैसे परत येतील. मॅनेजर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणेल, तेव्हा बसून राहू नका.

मुलाकडे राहून वाचणाऱ्या भाड्यावर कर लागेल का, ही धाकधूक असेल. आईवडिलांकडे राहिलेल्या एका सभासदाच्या बाबतीत मुंबईच्या आयकर न्यायाधिकरणाने ती रक्कम करपात्र नाही असे म्हटले आहे. विवरणपत्र भरताना सीएला हे सांगा.

आणि कॉर्पस. तो हातात कधी येतो ते आधी ड्राफ्टमध्ये बघा. निम्मी रक्कम ताबा देताना द्यायची पद्धत सर्रास आहे, तसे असेल तर आज तुमच्याकडे गुंतवायला फार तर चार लाख आहेत. हे पैसे वाढवण्यासाठी नसतात. लिफ्ट, पंप, पोडियम आणि अग्निशमन यंत्रणा असलेल्या टॉवरचा मेंटेनन्स आजच्यापेक्षा महिन्याला सहा-साडेसहा हजारांनी वाढला तर वर्षाचे ७२ ते ७८ हजार झाले. ७ लाख ८० हजारांवर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून आठ टक्क्यांच्या आसपास धरले तर ६२ हजार मिळतील. म्हणजे पूर्ण कॉर्पसही वाढीव मेंटेनन्सला थोडा कमीच पडतो. येईल तसा त्या योजनेत ठेवा, व्याज मेंटेनन्सला लावा.

रविवारच्या सभेत तोंडी बोलून भागणार नाही. भाड्याची मुदत, सीसीची तारीख, बँक गॅरंटी आणि खोल्यांची मापे या चार हरकती शनिवारपर्यंत सेक्रेटरींकडे लेखी द्या, पोच घ्या, आणि त्यांची नोंद इतिवृत्तात झाल्याशिवाय ठरावावर हात वर करू नका. पाच-सहा सभासदांच्या सह्या सोबत मिळाल्या तर उत्तम. ज्यांना मुलाचे घर नाही, ज्यांना खरोखर भाड्याने राहायचे आहे, त्यांच्याकडे आधी जा.