स्क्रेप केलेला डेटा: अभ्यास वेगळा, प्रकाशन वेगळं

प्रश्न: एका युरोपियन साइटवरून घरांच्या ४०,००० जाहिराती स्क्रेप केल्यात. भावांचा अभ्यास करतोय. तोच डेटा माझ्या साइटवर टाकला तर चालेल का?

अभ्यास बहुधा चालेल, जसाच्या तसा टाकणं नाही. भाव आणि क्षेत्रफळ ही तथ्यं आहेत, त्यांवर कॉपीराइट नसतो. वर्णनाचा मजकूर आणि फोटो मात्र कुणाचे तरी असतात. ते उचलू नका.

खरी मेख पुढे आहे. फक्त भावांचे रकाने घेतले तरी युरोपियन युनियनमध्ये तिच्या १९९६ च्या निर्देशानुसार डेटाबेसचा स्वतंत्र हक्क असतो, साधारण १५ वर्षांचा. माहिती गोळा करायला, तपासायला मोठी गुंतवणूक केलेली असेल, तर त्या माहितीचा मोठा भाग काढून घेणं आणि लोकांना उपलब्ध करणं, दोन्ही या हक्काखाली येतं. म्हणजे नुसतं उतरवून घेणंही! पण २०१९ च्या निर्देशाने विश्लेषणासाठी सूट दिली: साइट कायदेशीरपणे पाहता येत असेल आणि मालकाने यंत्राला वाचता येईल अशा रीतीने हक्क राखून ठेवले नसतील, तर प्रत काढता येते, तीही काम होईपर्यंतच. ही सूट प्रकाशनाला लागू नाही.

तेव्हा प्रत्येक भागातला सरासरी भाव, आलेख, निष्कर्ष खुशाल छापा. मूळ जाहिरातींची यादी पुन्हा जुळवता येईल असा तक्ता नको. साइटच्या अटी वेगळ्या वाचा, तो कराराचा मामला आहे.