जर्मनीतील निवास-परवान्याची मुदतवाढ: वेळ मागणाऱ्या ईमेलमध्येच अर्ज करा

प्रश्न: मी जर्मनीत एमएस करतो आणि सध्या गणपतीसाठी गुहागरला घरी आलो आहे. माझ्या निवास-परवान्याची मुदत ३० सप्टेंबरला संपते, परतीचे विमान २० सप्टेंबरचे आहे. आमच्या शहराचे आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचे परवाने पाहणारे कार्यालय, ऑनलाइन वेळ देत नाही, ईमेल करा म्हणते. ईमेलमध्ये नेमके काय लिहायचे? परत गेल्यावर लिहिले तर चालेल का?

उत्तर:

परत जाण्याची वाट पाहू नका. ईमेल याच आठवड्यात पाठवा आणि त्यात केवळ भेटीची वेळ मागून थांबू नका. वेळ मागणे ही एक गोष्ट आहे आणि मुदतवाढीचा अर्ज करणे ही दुसरी. जर्मनीच्या निवास कायद्याचे कलम ८१, पोटकलम ४ असे सांगते की परवान्याची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते. म्हणजे कार्यालयाने तुम्हाला थेट नोव्हेंबरातली तारीख दिली, तरी मधल्या काळात तुमचे वास्तव्य आणि विद्यार्थी म्हणून काम करण्याची मुभा दोन्ही कायम राहतात. मात्र हे संरक्षण अर्जाला आहे. ‘कृपया मला वेळ द्यावी’ एवढ्या एका वाक्याला अर्ज म्हणायचे की नाही, यावर वाद होऊ शकतो, आणि तो वाद ३० सप्टेंबरनंतर घालण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो आहे. रत्नागिरीला परतण्यापूर्वी मी नऊ वर्षे जर्मनीत होतो आणि दुसऱ्या मुदतवाढीच्या वेळी मी अगदी सभ्य भाषेत फक्त वेळ मागितली होती. उत्तर सात आठवड्यांनी आले. तोपर्यंत कार्डावरची तारीख उलटून गेली होती आणि मी काम करत होतो तिथल्या मनुष्यबळ विभागाने, तुमचा परवाना चालू असल्याचा कागद आणेपर्यंत कामावर येऊ नका, असे कळवले. अर्ज वेळेत होता हे दाखवायला माझ्याकडे तो एकच ईमेल होता आणि त्यात अर्ज हा शब्दच नव्हता. शेवटी मार्ग निघाला, पण बारा दिवसांचा पगार गेला तो गेलाच. उशिरा आलेल्या अर्जावरही जुना परवाना चालू मानण्याचा आदेश कार्यालय देऊ शकते, अशी तरतूद कायद्यात आहे; परंतु ती कठोर अन्याय टाळण्यासाठी आहे आणि तिचा वापर करायचा की नाही हे त्यांच्या मर्जीवर अवलंबून असते.

ईमेल जर्मन भाषेतच असावा, कारण तिथल्या प्रशासनाची कामकाजाची भाषा कायद्यानेच जर्मन ठरवलेली आहे. इंग्रजी ईमेल कोणी वाचत नाही असे नाही, पण तो बाजूला ठेवला जाण्याची शक्यता अधिक असते. विषयाच्या ओळीत अर्ज, कलम आणि मुदतीची तारीख या तिन्ही गोष्टी याव्यात, म्हणजे टपाल वेगळे करणाऱ्या कर्मचाऱ्याला ईमेल न उघडताही त्याची निकड कळते. विषयाची ओळ आणि मजकुराची पहिली दोन वाक्ये अशी असू द्या:

```
Antrag auf Verlängerung der Aufenthaltserlaubnis (§ 16b AufenthG), gültig bis 30.09. – Bitte um Termin

Hiermit beantrage ich die Verlängerung meiner Aufenthaltserlaubnis.
Ich bitte um einen Termin und um eine Fiktionsbescheinigung nach § 81 Abs. 5 AufenthG.
```

पहिल्या वाक्यात तुम्ही मुदतवाढीसाठी अर्ज करता आणि दुसऱ्यात भेटीची वेळ व तात्पुरते प्रमाणपत्र मागता. या प्रमाणपत्राला तिकडचे आपले लोक नुसते ‘फिक्शन’ म्हणतात. अर्ज प्रलंबित असताना जुना परवाना चालू आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते. हक्क अर्जामुळे मिळतो, प्रमाणपत्र हा त्या हक्काचा पुरावा असतो. तरीही मालक, बँक किंवा विमान कंपनी यांना पुरावाच हवा असतो, म्हणून तो आधीच मागून ठेवावा. कलम १६ब हे शिक्षणासाठीच्या परवान्याचे कलम आहे. तुमच्या कार्डावर `Anmerkungen` या शीर्षकाखाली कोणते कलम छापले आहे ते एकदा पाहा आणि जे असेल तेच लिहा.

त्यानंतरचा मजकूर पुढे मराठीत देतो, म्हणजे कोणते वाक्य कशासाठी आहे ते तुम्हाला कळेल. जर्मनमध्ये उतरवताना क्रम हाच ठेवा.

“माझे नाव (पासपोर्टप्रमाणे) …, जन्मतारीख …, नागरिकत्व भारतीय, पासपोर्ट क्रमांक …, निवास-कार्डाचा क्रमांक …, आपल्याकडील फाइल क्रमांक … असा आहे. माझा नोंदणीकृत पत्ता … हा असून तो बदललेला नाही. मी … विद्यापीठात … या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पाचव्या सत्रात प्रवेश घेतला आहे. प्रबंधाचे काम बाकी असून अभ्यासक्रम पुढील वर्षी मार्चअखेर पूर्ण होईल, असे विभागाचे पत्र सोबत जोडले आहे. मी सध्या सुट्टीसाठी भारतात असून २१ सप्टेंबरपासून आपल्या शहरात प्रत्यक्ष हजर राहू शकेन. जोडलेल्या कागदांत काही उणे असल्यास कृपया या ईमेलवर किंवा … या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. अर्ज मिळाल्याची पोच द्यावी, ही विनंती.”

यातल्या नावाच्या ओळीवर थोडे थांबतो, कारण आपल्याकडच्या मुलांची फाइल इथेच हरवते. आपल्या पासपोर्टावर पहिले नाव आणि वडिलांचे नाव पुष्कळदा एकाच रकान्यात असते, त्यामुळे जर्मन कार्डावरही दोन्ही जोडून येतात. रोजच्या व्यवहारात मात्र आपण नाव आणि आडनाव एवढेच लिहितो. शोधणाऱ्याला दोन नावे एकाच माणसाची आहेत हे ओळखता यावे म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरशः तसेच लिहा आणि जन्मतारीख त्याच ओळीत द्या. तारीख दिवस, महिना, वर्ष अशा क्रमाने व मध्ये टिंबे देऊन लिहिण्याची तिकडची पद्धत आहे. गेल्या वर्षभरात तुम्ही शहर बदलले असेल, तर अर्ज नव्या शहराच्या कार्यालयाकडे जातो, कारण जिथे तुमची राहण्याची नोंदणी आहे तेच कार्यालय अधिकारी असते.

भारतात असल्याचे लपवू नये. ते लिहिले नाही तर १० सप्टेंबरची वेळ मिळेल आणि तुम्ही गैरहजर ठराल. शिवाय तुम्ही परदेशातून अर्ज केला असा मुद्दा पुढे कोणी काढू नये, म्हणून परत पोहोचताच त्याच ईमेलला उत्तर म्हणून ‘मी परतलो आहे, माझा अर्ज कायम आहे’ अशी एक ओळ पाठवा. ती ३० तारखेच्या आत गेली पाहिजे.

जोडपत्रांत पासपोर्टची आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, नव्या सत्राचे प्रवेश-प्रमाणपत्र, आतापर्यंतची गुणपत्रिका, विभागाचे पत्र, आरोग्य विम्याचे प्रमाणपत्र, भाडेकरार आणि पैशांचा पुरावा हे सर्व द्यावे. सत्राचे प्रमाणपत्र अजून आले नसेल तर ईमेल अडवून ठेवू नका. ‘मिळताच पाठवतो’ असे लिहून अर्ज पुढे जाऊ द्या. कागद नंतर देता येतात, पण गेलेली तारीख परत येत नाही. सगळे एकाच पीडीएफमध्ये आणि साधारण १० एमबीच्या आत बसवावे. सरकारी टपालपेट्या मोठे ईमेल आणि झिप फाइली परत पाठवतात, आणि साठवणुकीच्या दुव्यावर तिथले कर्मचारी सहसा टिचकी मारत नाहीत.

या कागदांपैकी दोन जास्त काळजीने पाहिले जातात. पहिला कागद विभागाच्या पत्राचा. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असताना तुम्ही तिसऱ्या वर्षात जात असाल, तर शिक्षण वाजवी काळात पूर्ण होईल का हे त्यांना तपासावे लागते, कारण मुदतवाढीची कायदेशीर अटच ती आहे. प्राध्यापकांच्या किंवा परीक्षा विभागाच्या पत्रात केवळ ‘प्रगती चांगली आहे’ असे असून भागत नाही, पूर्ण होण्याचा अंदाजे महिना त्यात असावा लागतो. दुसरा कागद पैशांचा. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो, असा हिशेब धरला जातो. तो दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या अडवलेल्या खात्यातून, शिष्यवृत्तीतून किंवा अर्धवेळ कामाच्या पगारपत्रकांतून दाखवता येतो. वडिलांच्या इथल्या मुदत ठेवीची पावती सहसा चालत नाही, तिच्यावर विसंबू नका. पासपोर्टची उरलेली मुदतही पाहून घ्या. तो सहा महिन्यांत संपत असेल तर नवा परवानाही तेवढाच छोटा मिळेल.

ईमेल पाठवल्यावर स्वयंचलित पोच आली तर ती जपून ठेवा. नाही आली तर दर दोन दिवसांनी नवा ईमेल टाकू नका, कारण अनेक ठिकाणी प्रत्येक नवा ईमेल रांगेत नव्याने उभा राहतो. दोन आठवडे थांबून जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून विचारणा करावी. आणि २१ ते २९ सप्टेंबरच्या दरम्यान, पोच आलेली असो वा नसो, सही केलेल्या अर्जाची छापील प्रत कार्यालयाच्या टपालपेटीत एका मित्रासमक्ष टाका किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवून पावती ठेवा. टपालपेटीत टाकताना फोटो काढला तर उत्तमच. मला हे थोडे जुनाट वाटायचे, पण बारा दिवसांच्या पगारानंतर वाटेनासे झाले.

प्रवासाबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. ३० तारखेपूर्वी तुम्ही जर्मनीत पोहोचलेच पाहिजे. अर्ज केलेला असला तरी हातात प्रमाणपत्र नसताना मुदत संपलेले कार्ड घेऊन मुंबईच्या विमानतळावर उभे राहिलात, तर विमान कंपनी बसू देईलच असे नाही. तुमचे तिकीट दहा दिवस आधीचे आहे ते ठीकच आहे. ते पुढे ढकलू नका. गणपतीनंतर कोकण रेल्वेच्या गाड्या भरलेल्या असतात, पावसात घाटात दरड आली की रस्त्याचाही भरवसा राहत नाही, त्यामुळे चिपळूणहून निघताना विमानाच्या आधी निदान एक पूर्ण दिवस हातात ठेवा.

भेटीच्या दिवशी मूळ कागद, पासपोर्ट आणि जुने कार्ड न्यावे. बोटांचे ठसे तिथेच घेतले जातात. मे २०२५ पासून फोटो डिजिटल स्वरूपातच लागतो, घरून छापून नेलेला चालत नाही. तीन महिन्यांहून अधिक मुदतवाढीचे शुल्क ९३ युरो आणि तात्पुरत्या प्रमाणपत्राचे १३ युरो आहे. कार्ड बर्लिनमध्ये छापून यायला काही आठवडे जातात, आणि त्याच काळात बहुतेक जण नाताळच्या सुट्टीत घरी येण्याचा बेत करतात. तसा बेत असेल तर खिडकीवरून उठण्यापूर्वी प्रमाणपत्र उघडून, कलम ८१ पोटकलम ४ च्या चौकटीवर खूण आहे ना, ते पाहा. ती खूण असेल तर पासपोर्ट आणि जुन्या कार्डासह परत प्रवेश मिळतो. पोटकलम ३ वर खूण असेल तर त्या कागदावर जर्मनीत परत शिरता येत नाही. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.